‘हाय रिस्क’चा कागद आणि गर्भजलाची तपासणी

गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात होणाऱ्या ‘डबल मार्कर’ नावाच्या रक्ततपासणीविषयी अलीकडे घरातील ज्येष्ठ मंडळीच मला अधिक विचारू लागली आहेत. सून किंवा मुलगी नोकरीवर गेलेली असते, प्रयोगशाळेचा कागद घरी येतो आणि त्यावरचे ‘हाय रिस्क’ हे दोन शब्द आजी-आजोबांच्या नजरेस प्रथम पडतात. आमच्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात ही तपासणी आता सर्रास होते. परंतु तिचा अर्थ समजावून सांगायला कोणाला वेळ असतोच असे नाही. ‘बाळात दोष निघाला’ असे वाक्य संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत पोहोचते. प्रत्यक्षात त्या कागदाने तसे काहीही म्हटलेले नसते.

चाळणी आणि निदान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गहू चाळताना खडे वर राहतात, तसे काही मोठे दाणेही वर राहतात. वर राहिलेले सारेच खडे नसतात, ते हाताने निवडून पाहावे लागतात. आणि एखादा बारीक खडा गव्हाबरोबर खालीही जातो. डबल मार्कर ही अशी चाळणी आहे. कोणत्या गर्भवतीची अधिक बारकाईने तपासणी करायची, एवढेच ती सांगते. बाळाच्या पेशी हाती घेऊन त्यांतील गुणसूत्रे मोजणे हे निदान होय, आणि ते गर्भजलाच्या किंवा वारेच्या पेशींवर होते.

माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या क्रमांकाची दोनऐवजी तीन आली की त्या अवस्थेस डाउन सिंड्रोम म्हणतात. अठराव्या किंवा तेराव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र अधिक झाल्यास बाळाची स्थिती याहून बरीच गंभीर असते. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांच्या विभागणीत योगायोगाने घडते. ग्रहणात भाजी चिरल्याने, पपई खाल्ल्याने किंवा जिना चढल्याने ती घडत नाही. आईच्या वयाबरोबर तिचे प्रमाण मात्र वाढत जाते. पंचविशीतल्या आईच्या बाबतीत सुमारे तेराशे जन्मांत एक, पस्तिशीत सुमारे साडेतीनशेत एक आणि चाळिशीत सुमारे शंभरात एक, असा ढोबळ हिशेब आहे.

चाळणीची सुरुवात या वयाच्या हिशेबापासूनच होते. नंतर त्यात तीन गोष्टी मिळवतात. पहिली सोनोग्राफीतली, जिला एनटी म्हणतात. बाळाच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव असतो, त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. उरलेल्या दोन आईच्या रक्तातल्या : पॅप-ए आणि बीटा एचसीजी. हे दोन्ही पदार्थ वारेत तयार होतात. डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भात सरासरीने पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त आढळते. ही तपासणी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करता येते. सर्व आकडे संगणकात घातले की ‘१:१८०’ असे एक गुणोत्तर बाहेर पडते. ते २५० पैकी एक किंवा त्याहून अधिक जोखमीचे असेल, तर अनेक प्रयोगशाळा त्यावर ‘हाय रिस्क’ असा शिक्का मारतात.

आता हे एका उदाहरणाने पाहू. डोंबिवलीतील एका घरची सून, वय २९, पहिलीच खेप. पाळीच्या तारखेवरून १३ आठवडे पूर्ण झाले म्हणून तिचे रक्त घेतले गेले. एनटीची सोनोग्राफी चार दिवसांनंतर ठरलेली असल्याने प्रयोगशाळेने केवळ वय आणि रक्त यांवरून हिशेब केला. उत्तर आले १:७०. सासूबाई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, सत्तरात एक म्हणजे फारच झालं ना हो?” मी म्हणालो, “काकू, आधी हा हिशेब बरोबर मांडला आहे का, ते बघू.”

कागदावर गर्भाचे वय पाळीवरून धरले होते आणि सूनबाईंची पाळी अनियमित होती. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजली, तेव्हा रक्त घेतले त्या दिवशी गर्भ १३ आठवड्यांचा नसून पाच दिवसांनी लहान होता असे दिसले. पाच दिवस म्हणजे काही फार नव्हे, असे आपल्याला वाटेल. परंतु या काळात आईच्या रक्तातले पॅप-ए दिवसागणिक झपाट्याने वाढत असते आणि बीटा एचसीजी उतरत असते. गर्भ खरोखर लहान असताना तो मोठा धरला, तर पॅप-ए अकारण कमी आणि बीटा एचसीजी अकारण जास्त भासते. हे चित्र नेमके डाउन सिंड्रोमच्या चित्रासारखे दिसते. म्हणून गर्भाचे वय सोनोग्राफीतल्या लांबीवरून धरावे, असा नियम आहे. आईचे वजन, जुळी गर्भधारणा, मधुमेह आणि टेस्ट ट्यूब पद्धतीने झालेली गर्भधारणा यांचाही परिणाम या हिशेबावर होतो. कागदाच्या वरच्या भागात या नोंदी असतात. घरातल्या माणसांनी प्रथम त्याच वाचाव्यात आणि आपल्या माहितीशी ताडून पाहाव्यात.

मानेमागील द्रवाची जाडी १.७ मिलिमीटर, म्हणजे सर्वसाधारण होती. दुरुस्त वय आणि एनटी मिळवून हिशेब पुन्हा केला, तेव्हा उत्तर आले १:१८०. जोखीम उतरली, तरी शिक्का ‘हाय रिस्क’चाच राहिला. या आकड्याचा अर्थ असा : अगदी असाच अहवाल आलेल्या १८० स्त्रिया एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यांपैकी एकीच्या बाळात डाउन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांत तो नसेल. त्या एकीत आपली सून आहे की १७९ जणींत, हे कागद सांगू शकत नाही. शंभरातल्या हिशेबाने पाहिले, तर ही जोखीम अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर जाते.

मग एवढ्या लहान जोखमीला ‘हाय’ का म्हणायचे? कारण चाळणीची भोके मुद्दाम लहान ठेवलेली आहेत. समजा, दहा हजार गर्भवतींची ही एकत्रित तपासणी केली आणि त्यांपैकी २० जणींच्या बाळांत डाउन सिंड्रोम आहे. चाळणी साधारण पाचशे जणींना बाजूला काढील. त्या पाचशेंत वीसपैकी सतरा-अठरा सापडतील, आणि उरलेल्या ४८० हून अधिक जणींची बाळे या बाबतीत निर्दोष असतील. दोन-तीन मात्र ‘लो रिस्क’ म्हणून खाली निघून जातील. म्हणून ‘हाय रिस्क’ने जसे हबकून जाऊ नये, तसे ‘लो रिस्क’चा कागद म्हणजे हमीपत्र, असेही समजू नये.

या टप्प्यावर कुटुंबापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट एनआयपीटी या रक्ततपासणीची. वारेतल्या पेशी सतत झडत असतात आणि त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात. दहाव्या आठवड्यापासून ते मोजता येतात. एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त आढळले, तर संशय बळावतो. ही चाळणी डबल मार्करपेक्षा फारच बारीक आहे. डाउन सिंड्रोमची शंभरातली सुमारे नव्याण्णव बाळे ती हेरते आणि निर्दोष बाळांपैकी हजारात साधारण एकावर चुकीचा ठपका ठेवते. सुई पोटात जात नाही, त्यामुळे गर्भाला धोका नाही. ती खर्चिक आहे, आणि कधी कधी आईच्या रक्तात वारेचा अंश कमी पडल्याने उत्तरच येत नाही.

परंतु एनआयपीटीदेखील चाळणीच आहे, आणि इथेच सुशिक्षित घरांतही गल्लत होते. ‘नव्याण्णव टक्के अचूक’ असे ऐकले की अहवाल ‘हाय रिस्क’ आल्यावर लोक निदान पक्के झाले असे धरतात. आपण पुन्हा हिशेब करू. १:१८० जोखमीच्या १८,००० स्त्रियांची एनआयपीटी केली, तर त्यांपैकी १०० बाळांत डाउन सिंड्रोम असेल आणि ९९ हेरली जातील. उरलेल्या १७,९०० निर्दोष बाळांपैकी, हजारात एक या हिशेबाने, सुमारे १८ जणांवर चुकीचा ठपका येईल. म्हणजे ‘हाय रिस्क’ अहवाल आलेल्या ११७ जणींपैकी १८ जणींची बाळे निर्दोष असतील. तरुण आईच्या बाबतीत, जिची मूळ जोखीम कमी असते, चुकीच्या ठपक्यांचे हे प्रमाण आणखी वाढते. त्याचे एक कारण असे की हे डीएनए बाळाचे नसून वारेचे असते, आणि क्वचित वारेतल्या काही पेशींत असलेला दोष बाळात नसतो. म्हणून एनआयपीटीच्या अहवालावर विसंबून गर्भपाताचा निर्णय कोणीही घेऊ नये.

दुसरी वाट थेट गर्भजलाच्या तपासणीची, म्हणजे अम्निओसेंटेसिसची. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, अथवा सोनोग्राफीत बाळाच्या रचनेत दोष दिसत असेल, तर मध्ये एनआयपीटी न करता याच वाटेने जाणे बहुधा योग्य ठरते. कारण अशा वेळी एनआयपीटीला न दिसणारे गुणसूत्रांचे इतर दोषही असू शकतात.

बाळाच्या त्वचेच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशी झडून गर्भजलात मिसळतात. त्या पेशी बाळाच्याच असतात, आणि म्हणून ही निदानाची तपासणी ठरते. गर्भ पूर्ण १५ आठवड्यांचा झाल्याशिवाय ती करत नाहीत. त्याआधी केल्यास गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाच्या पावलात वाकडेपणा येऊ शकतो. आई टेबलावर निजते, सोनोग्राफीत बाळ आणि वार कुठे आहेत ते पाहतात, आणि पडद्यावर सुईचे टोक सतत दिसत असतानाच पोटातून बारीक सुई गर्भजलात नेतात. आईच्या पेशी मिसळू नयेत म्हणून पहिले एक-दोन मिलिलिटर टाकून देतात आणि नंतर १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चमचे, पाणी घेतात. सुई काही मिनिटांतच बाहेर येते. तेवढे पाणी बाळाभोवती लवकरच पुन्हा भरून निघते.

सर्वांच्या मनातली भीती गर्भपाताची असते. पूर्वी शंभरात एक असा आकडा सांगत असत. अनुभवी हातांनी सोनोग्राफीखाली केलेल्या तपासणीत ही अधिकची जोखीम आज हजारात पाचांहूनही कमी मानली जाते. ती शून्य मात्र नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर नंतर अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. रक्तगटाचा कागद बरोबर नेण्याची आठवण घरातल्यांनी ठेवावी. ही तपासणी कायद्याने नोंदणी झालेल्या केंद्रातच होते, आणि त्यासाठी आपल्याकडच्या अनेकांना मुंबईकडे जावे लागते. परतताना गर्दीच्या लोकलने येऊ नये, गाडी करून यावे आणि एक-दोन दिवस जड कामे टाळावीत. किंचित ओढल्यासारखे दुखणे स्वाभाविक आहे. अंगावरून पाणी जाणे, रक्तस्राव, ताप किंवा वाढत जाणारे पोटदुखणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

अहवाल दोन हप्त्यांत येतो. फिश किंवा क्यूएफ-पीसीआर या जलद पद्धतीने तेरा, अठरा, एकवीस आणि लिंगसूत्रांची संख्या दोन ते चार दिवसांत कळते. संपूर्ण अहवालासाठी पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. जलद अहवाल आल्यावर घरचे पूर्ण अहवालाकडे दुर्लक्ष करतात, तसे होऊ देऊ नये. डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या तीन-चार बाळांत जादा गुणसूत्र सुटे नसते, दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. ते केवळ पूर्ण अहवालात दिसते. तसे असेल, तर आई-वडिलांची गुणसूत्रेही तपासावी लागतात, कारण पुढच्या खेपेची जोखीम त्यावर ठरते.

डोंबिवलीच्या त्या सूनबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी थेट गर्भजलाची तपासणी निवडली. सोळाव्या आठवड्यात पाणी घेतले, चौथ्या दिवशी जलद अहवाल आला आणि अठराव्या आठवड्याअखेर पूर्ण अहवाल आला. गुणसूत्रे ४६ होती आणि रचनेत दोष नव्हता. या अहवालाच्याही मर्यादा आहेत. हृदयाची झडप, दुभंगलेला ओठ किंवा मणक्याचा दोष गुणसूत्रे मोजून कळत नाही. त्यासाठी १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी करावीच लागते. थॅलेसेमियासारखा आजारही यात आपोआप दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.

आणि अहवालात तीन गुणसूत्रे निघाली तर? तेव्हा निदान झाले असे म्हणावे. परंतु डाउन सिंड्रोम आहे हे कळले, तरी बुद्धीची वाढ किती मंदावेल, हे गर्भजल सांगत नाही. अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्यासाठी गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र सोनोग्राफी करतात. ही मुले उशिरा चालतात, उशिरा बोलतात, पण शिकतात. योग्य उपचार मिळाल्यास अनेक जण पन्नाशी-साठीपर्यंत जगतात. त्यांना आयुष्यभर कोणाची ना कोणाची साथ लागते, हेही तितकेच खरे. गर्भ ठेवायचा की नाही, याचा विचार या सगळ्यानिशी व्हावा लागतो.

त्या विचाराला वेळ लागतो, आणि वेळ हाती राहणे हे तपासणी केव्हा सुरू केली यावर अवलंबून असते. २०१७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील एका ३७ वर्षांच्या महिलेने सर्वोच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली होती. गर्भात डाउन सिंड्रोम होता, पण गर्भ २६ आठवड्यांचा झाला होता आणि तेव्हाची कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. आईच्या जिवाला धोका नसल्याचे वैद्यकीय मंडळाने कळवले होते. न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता २० ते २४ आठवड्यांत, गर्भातील गंभीर दोषासारख्या ठरावीक कारणांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर गर्भात लक्षणीय विकृती असल्यास राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. आता असा हिशेब करून पाहा : पहिली चाळणी चुकली, अठराव्या आठवड्यात क्वाड्रुपल मार्कर केली, एकोणिसाव्यात कागद आला, विसाव्यात पाणी घेतले, की पूर्ण अहवाल हाती येईपर्यंत बाविसावा-तेविसावा आठवडा उजाडतो. बारावा आठवडा न चुकवण्याचे महत्त्व यात आहे.

शेवटी ज्येष्ठ वाचकांसाठी दोन गोष्टी. गर्भजलात मुलगा की मुलगी हेही कळते, हे खरे. ऐंशीच्या दशकात मुंबईत याच तपासणीचा वापर मुलींचे गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला. महिला संघटना आणि डॉक्टर यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. म्हणून अहवालात लिंग लिहीत नाहीत, ते विचारूही नये. विचारणारा नातेवाईकही कायद्याने दोषी ठरतो. दुसरी गोष्ट संमतीची. ही तपासणी करायची की नाही, याचे संमतिपत्र गर्भवतीला समजेल अशा भाषेत असते आणि त्यावर तिचीच सही लागते. सासरच्यांची किंवा माहेरच्यांची सही कायदा मागत नाही. तपासणी नको म्हणण्याचाही तिला अधिकार आहे. आजी-आजोबांनी कागदावरची गर्भाच्या वयाची नोंद ताडून पाहावी, तारखा सांभाळाव्यात, रक्तगटाचा कागद शोधून ठेवावा आणि तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जावे. ‘हाय रिस्क’चा कागद आलाच, तर नातेवाइकांना फोन करण्याआधी ती कोणत्या चाळणीतली जोखीम आहे आणि आकडा किती आहे, हे तिच्या डॉक्टरांना विचारावे.